पोफळी पहुडत नाहीत: वर्णनाचा मूड शब्दांनी कसा बनतो आणि कसा बिघडतो

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा लॉकडाऊनमुळे मी गावीच अडकलेलो होतो. काकांची नारळी-पोफळीची वाडी घराच्या मागेच, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दुपारभर वारा घोंघावला आणि संध्याकाळी वाडी म्हणून जे काय होतं ते जमिनीवर होतं. लाईट नव्हती, फोन बंद, करायला काही नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी मी वहीत वर्णन लिहून काढलं आणि मोठ्या हौसेने काकांना वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, "शेकडो पोफळी जमिनीवर पहुडल्या होत्या."

काका म्हणाले, "पहुडल्या काय रे? जेवून वामकुक्षी घेतायत का त्या?"

बास, एवढंच. पण मला तेव्हा कळलं की माझी माहिती बरोबर होती (पोफळी आडव्या होत्या हे खरंच होतं), चुकला होता तो शब्द. पहुडणे म्हणजे आडवं होणे हा झाला डिक्शनरीतला अर्थ, शाळेत ज्याला वाच्यार्थ म्हणायचो तो. पण पहुडणारा माणूस कसा असतो? पोट भरलेला, निवांत, बहुतेक झोपाळ्यावर किंवा गादीवर. शब्द कधी एकटा येत नाही, आपला गोतावळा बरोबर घेऊन येतो. मी एक क्रियापद बोलावलं आणि त्याच्या मागून गादी, दुपार, सुस्ती सगळं वाडीत घुसलं.

या गोतावळ्याला आपल्याकडे नाव आहे, ध्वनितार्थ किंवा व्यंग्यार्थ. संस्कृतवाले यासाठी एक जुनं उदाहरण देतात, "गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे". आता नदीच्या पाण्यावर वस्ती कशी असेल, म्हणजे काठावर आहे हे आपण समजून घेतो, पण मग सरळ "गंगेच्या काठावर" का नाही म्हणायचं? कारण "गंगेवर" म्हटलं की तिथला गारवा आणि पावित्र्य पण वस्तीला चिकटतं. माहिती तीच, हवा वेगळी. आपल्याला ही हवाच बघायची आहे, आणि ती बघायला मी तोच माझा फसलेला ड्राफ्ट उघडा करून दाखवतो, कारण दुसऱ्याच्या लिखाणावर बोलणं सोपं असतं.

तो फसलेला ड्राफ्ट

"वादळानंतर काकांच्या वाडीत सोनेरी ऊन पसरलं होतं. शेकडो पोफळी जमिनीवर पहुडल्या होत्या. एक डौलदार माड विहिरीवर झुकला होता. विहिरीच्या काळ्याभोर पाण्यावर हिरवी पानं तरंगत होती. ओल्या लाकडाचा सुगंध दरवळत होता आणि दूरवरून समुद्राची गाज ऐकू येत होती. पायरीवर काका शांतपणे विसावले होते. हे भीषण, विदारक, हृदयद्रावक दृश्य पाहून मन विषण्ण झालं."

माझ्या चुलत बहिणीने हे नंतर वाचलं आणि म्हणाली, शेवटचं वाक्य काढ, बाकीचं आपल्या होमस्टेच्या जाहिरातीला चालेल. आणि खरंच चालेल! सोनेरी, पहुडणे, डौलदार, काळंभोर, दरवळ, गाज, विसावणे, हे सगळे शब्द सुट्टीवर आलेले आहेत. मग मलाच कुठेतरी जाणवलं असणार की दुःख काही पोचत नाहीये, म्हणून शेवटी तीन जडजड विशेषणं ओतून मोकळा झालो. हा सगळ्यात कॉमन रोग आहे. अंगात एक मूड आणि शेपटीला दुसऱ्या मूडचं लेबल. वाचणाऱ्यावर परिणाम अंगाचा होतो, लेबल तो वाचून सोडून देतो. तुमच्या परिच्छेदाच्या शेवटी "विदारक दृश्य", "रम्य वातावरण", "भयाण शांतता" असं काही आलं असेल तर आधी त्याच्यावर हात ठेवा आणि वरचं वाचा, वरच्यातून तेच कळतंय का बघा.

पहिली पायरी: पंचनामा

वादळानंतर तलाठी आणि कृषी खात्याची माणसं गावोगाव पंचनामे करत फिरत होती, किती झाडं, किती कौलं, असं. मला वर्णन दुरुस्त करायला तोच फॉर्म उपयोगी पडला. म्हणजे असं की आधी आपल्याला जे दिसलं त्याचा कोरडा पंचनामा लिहायचा, एकही भावना नाही, उपमा नाही, शक्यतो विशेषण पण नाही. माझा असा झाला:

पोफळी मोडून जमिनीवर. काही पोफळी उभ्या, पण शेंडे नाहीत. एक माड विहिरीवर आडवा. विहिरीचं पाणी काळं, त्यात झावळ्यांचे तुकडे. मोडलेल्या ओल्या लाकडाचा वास. समुद्राचा आवाज येतो. वाडीत ऊन. काका पायरीवर बसलेत, डोक्यावर टॉवेल.

गंमत बघा, टॉवेल आधीच्या ड्राफ्टमध्ये नव्हताच. सोनेरी-बिनेरी लिहिण्याच्या नादात मी तो बघितलाच नव्हता, पंचनामा करताना आठवला. आणि पुढे तोच सगळ्यात कामाला आला.

पंचनाम्याचा दुसरा उपयोग म्हणजे ही तुमची लक्ष्मणरेषा. पुढे शब्द कितीही बदला, पण तयार झालेल्या परिच्छेदातून हा पंचनामा परत काढता आला पाहिजे. वास कुजका नव्हता तर तो कुजका करायचा नाही. मूड शब्दांनी बदलायचा, पुरावा बदलून नाही.

दुसरी पायरी: कोणाच्या डोळ्यांनी?

इथे एक वाक्य कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं जे परिच्छेदात कधीच येणार नाही. मी लिहिलं, "ज्याने चाळीस वर्षं ही वाडी शिंपली त्या माणसाला आता काही सुचत नाही." "दुःखी" एवढंच लिहिलं असतं तर काही उपयोग नव्हता कारण दुःख आक्रोशाचं असतं, सुन्न बसण्याचं असतं, चिडचिडीचं असतं आणि तिघांचे शब्द वेगळे. सुन्न माणसाच्या वर्णनात मोठे शब्द चालत नाहीत, तो ओरडत नाहीये ना.

आणि डोळा कोणाचा हे ठरल्याशिवाय शब्दाचा गोतावळा पण ठरत नाही. सुक्या मासळीचं उदाहरण घ्या. ओळीने वाळत घातलेले बोंबील, त्यांना वास आहे हे नक्की. पुण्याहून आलेला पाहुणा लिहील "उग्र दर्प", शाकाहारी शेजारी म्हणेल "घाण येते", आणि जिच्या घरचं ते आहे ती बाई पावसाळ्याची बेगमी झाली म्हणून त्या वासाने खूश. तिच्या नजरेतून लिहिताना "दर्प" लिहिलात की संपलं, ती बाई पळाली आणि तिच्या जागी तुम्ही येऊन उभे राहिलात. तसंच "दर्या" या शब्दाचं. आम्हा बाकीच्यांना दर्या म्हटलं की गाणं आठवतं, होड्या नाचायला लागतात. पण कोळ्याच्या तोंडी तो रोजचा कामाचा शब्द आहे, आपण ऑफिस म्हणतो तितका साधा.

तिसरी पायरी: आधी क्रियापदं, विशेषणं नंतर

बहुतेक लोक मूड आणायचा म्हटलं की विशेषणांच्या डब्यात हात घालतात. माझा अनुभव उलटा आहे, मराठीत मूडचं खरं ओझं क्रियापद वाहतं आणि ते सुद्धा त्याच्या शेवटच्या तुकड्यात. एक साधा माणूस पायरीवर बसवून बघा:

काका पायरीवर बसले होते.
काका पायरीवर बसून होते.
काका पायरीवर विसावले होते.
काका पायरीवर टेकले होते.

"बसले होते" ही नुसती नोंद. "विसावले" म्हटलं की आधी काहीतरी काम झालंय आणि आता बरं वाटतंय. "टेकले" म्हणजे जरा वेळच, उठणार आहेत लगेच. आणि "बसून होते"? फक्त एक "ऊन" जोडला पण त्यात बराच वेळ आला, हालचाल नाही आली, कोणीतरी हाक मारली असेल आणि त्यांनी ओ दिली नसेल हे पण आलं. "पडून होता" चं तसंच. "माड विहिरीवर पडला होता" ही बातमी झाली, "पडून होता" म्हटलं की कोणी उचललेला नाही, बघायला कोणी नाही, दोन-तीन दिवस झालेत. दुखणाईत माणूस पडून असतो, पैसे न दिलेला अर्ज पडून असतो. हा "ऊन होता/राहिला" वाला प्रकार मराठीने आपल्याला फुकट दिलाय आणि आपण त्याकडे बघत पण नाही.

मग पोफळींचं काय करायचं? माझ्याकडे पर्याय होते. "उन्मळून पडल्या", पण तो शब्द पेपरातल्या बातमीत इतका घासलाय की वाचताना डोळ्यासमोर झाड येत नाही, मथळा येतो. शिवाय उन्मळणे म्हणजे मुळासकट, आणि आमच्या बऱ्याचशा पोफळी बुंध्यापासून वर मोडल्या होत्या, मुळं जमिनीतच. म्हणजे शब्द शिळा पण आणि चुकीचा पण. "कोसळल्या" मध्ये आवाज आहे, पण मी तिसऱ्या दिवसाचं लिहीत होतो, तेव्हा आवाज केव्हाच संपला होता. "झोपल्या" मध्ये परत अंथरूण आलं. "मोडल्या" साधा, खरा. आणि त्याला "कमरेतून" जोडल्यावर झाड नकळत माणूस झालं, शिवाय कंबर मोडणे म्हणजे कर्जात जाणे, धंदा बसणे हा अर्थ आपल्या बोलण्यात आहेच. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात हे ज्याला माहितेय त्याला तो दुसरा अर्थ आपोआप ऐकू येतो, ज्याला माहीत नाही त्याला पण काही अडत नाही.

शब्द तपासायची माझी पद्धत एकच आहे. स्वतःला विचारायचं, हे क्रियापद एरवी कोणाबरोबर बसतं? पटकन तीन कर्ते आठवा. पहुडणे: राजा, मांजर, जेवलेला मामा. तरंगणे: होडी, कमळ, पीस (प्रेत पण तरंगतं, पण ते लगेच आठवत नाही). साचणे: पाणी, कचरा, धूळ, थकबाकी. आता माझ्या विहिरीतल्या झावळ्यांच्या तुकड्यांना कुठल्या पंगतीत बसवायचं ते दिसतं. डिक्शनरी इथे कामाची नाही, ती अर्थ सांगते, शेजारी सांगत नाही.

चौथी पायरी: रंगांच्या शेपट्या

ही मला सगळ्यात आवडती. मराठीत नुसता रंग कमी वेळा येतो, त्याला शेपूट लागतं आणि मूड शेपटीत असतो. काळा घ्या. काळेभोर डोळे, काळेभोर केस, म्हणजे काळं आणि सुंदर, माया असलेलं. काळाकुट्ट अंधार, काळेकुट्ट ढग, म्हणजे काळं आणि भीती. काळंशार म्हटलं की खोल, गार, स्थिर पाणी, जे निळ्याशारमध्ये आहे तेच. काळसर म्हणजे थोडंसं काळं, यात लिहिणाऱ्याने मत दिलेलं नाही. काळपट म्हणजे पण थोडंसंच काळं, पण इथे काहीतरी बिघडलंय, डाग पडलाय, आधी असं नव्हतं.

सर आणि पट/कट/ट यातला फरक एकदा कानाला लागला की सगळीकडे दिसतो. पिवळसर भिंत आणि पिवळट भिंत. हिरवसर पाणी मी पिऊन बघेन, हिरवट पाणी नाही. मळकट, तेलकट, धुरकट, मातकट, पोरकट, सगळ्यात एक नाक मुरडणं आहे. (नियम म्हणून घोकू नका हां, आंबट-खारट-तुरट मध्ये नाक मुरडणं नाही, ती नुसत्या चवींची नावं आहेत.) पांढऱ्याचं पण बघा, पांढराशुभ्र सदरा आणि पांढराफटक चेहरा, शेपट्या अदलाबदल करून बघा, हसू येईल.

तर काकांची विहीर. मी "काळंभोर" लिहून तिला कोणाचे तरी डोळे दिले होते. "काळंकुट्ट" लिहिलं असतं तर भुताची विहीर झाली असती. वादळाच्या आधी ते पाणी काळंशारच होतं, वाकून बघितलं की गार वाटायचं. मग मी लिहिलं "पाणी काळपट झालं होतं". "झालं" मुळे आधी तसं नव्हतं हे कळतं आणि "पट" मुळे बिघाड कळतो. नासलं, खराब झालं असं काहीच म्हणावं लागलं नाही.

पाचवी पायरी: वास आणि आवाज

वासाच्या बाबतीत मराठी तयारच बसलेली आहे. सुगंध अत्तराचा आणि देवळातला, सुवास त्याचाच भाऊ, दरवळ मोगऱ्याचा किंवा बकुळीचा, घमघमाट स्वयंपाकघरातून येणारा, खमंग फोडणीचा, कुबट पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा, भपकारा झाकण उघडल्यावर तोंडावर येणारा. आणि नुसता "वास" असा, की "वास येतोय" म्हटलं की माणूस आधी नाकाला हात लावतो, पण "मातीचा वास", "आईच्या पदराचा वास" म्हटलं की डोळे मिटतो. म्हणजे "वास" हा रिकामा डबा, पुढे काय जोडाल ते त्यात भरतं. म्हणून अवघड प्रसंगात तोच वापरावा असं माझं मत आहे, कारण तो आधीपासून बाजू घेत नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशीचा वास चांगला होता. ओलं, ताजं, नुकतं चिरलेलं लाकूड. आता हे लिहावं की नाही असं वाटलं मला, दुःखाच्या वर्णनात चांगला वास कसा? पण पंचनाम्यात होता म्हणजे ठेवायचा. फक्त "दरवळत होता" काढलं आणि "वास कोंदून राहिला होता" केलं. वास तोच, पण दरवळ हवेवर फिरतो आणि कोंदलेला बाहेर जायला वाट शोधत असतो.

आवाजाबद्दल एक तक्रार. "समुद्राची गाज" हा कोकणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने इतका वापरलाय की आता तो रिसॉर्टच्या पाटीवरचा शब्द वाटतो. शब्द स्वतः सुरेख आहे, लयीत येणारा, रात्री अंथरुणात पडल्यावर ऐकू येणारा, पण म्हणूनच त्यात झोप आहे, अंगाई आहे. मला अंगाई नको होती. मी नुसतं "समुद्र ऐकू येत होता" एवढंच ठेवलं आणि पुढे एक छोटं वाक्य जोडलं, "मधे आता काही नव्हतं." आधी झाडांची सळसळ मधे असायची, त्यामुळे समुद्र घुमल्यासारखा यायचा, त्या दिवशी तो थेट आला. इथे मूड कुठल्याच भारी शब्दात नाही, "आता" या शब्दात आहे. "आता", "अजून", "नुसतं", "पार", "तेवढं", हे बारके शब्द मूडच्या दृष्टीने फार कामाचे आहेत, भारी विशेषणांपेक्षा जास्त, आणि एडिट करताना लोक सगळ्यात आधी यांनाच कात्री लावतात.

दुसरा ड्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक

हे सगळं कळल्यावर मी लगेच शहाणा झालो असं नाही. दुसऱ्या दिवशी मी हे लिहिलं:

"भगभगीत उन्हात पोफळींची प्रेतं इतस्ततः विखुरली होती. एक माड विहिरीच्या छाताडावर कोसळला होता. काळ्याकुट्ट पाण्यातून कुजकट भपकारे येत होते. समुद्र राक्षसासारखा खदखदा हसत होता. उद्ध्वस्त काका भग्न पायरीवर सुन्न होऊन बसले होते."

यात सगळे शब्द एका बाजूचे आहेत, म्हणजे नियमाने पास व्हायला पाहिजे. पण वाचून बघा, काही होत नाही. एक तर पुरावा बदललाय, कुजकट भपकारे नव्हतेच आणि पायरी शाबूत होती. दुसरं म्हणजे प्रत्येक शब्द ओरडतोय, त्यामुळे कोणाचंच ऐकू येत नाही. आणि तिसरं, "इतस्ततः", "भग्न", "उद्ध्वस्त" हे संस्कृत वळणाचे शब्द काकांच्या डोळ्यांना न शोभणारे. जड शब्द वाईट असतात असं नाही, श्रद्धांजलीत किंवा अग्रलेखात ते शोभतात कारण त्यात एक अंतर असतं, उभं राहून बोलण्याचा भाव असतो. पण इथे डोळा पायरीवर बसलेल्या माणसाचा ठरलाय. तो मनात "इतस्ततः" म्हणणार नाही, "इकडेतिकडे" पण म्हणणार नाही कदाचित, तो पोफळी मोजेल.

हा अतिरेक ओळखायची टेस्ट सोपी. परिच्छेदातले मूडवाले शब्द पेन्सिलने गोल करा. एका वाक्यात एकापेक्षा जास्त गोल आले तर त्यातला एक साधा करून बघा. माझ्या त्या ड्राफ्टमधल्या पहिल्याच वाक्यात चार गोल होते.

सहावी पायरी: एक उलटा शब्द

आता उन्हाकडे येतो. मी आधी लिहिलं होतं "सोनेरी ऊन", मग "भगभगीत ऊन", दोन्ही खोटी. काका त्या दिवशी मधेच म्हणाले होते, "या जागेवर मी जन्मात ऊन बघितलं नव्हतं." नारळी-पोफळीची भरलेली वाडी ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल, भर मे महिन्यात दुपारी पण आत गारवा असतो, ऊन आलंच तर कवडशांनी येतं. म्हणजे वाडीत सगळीकडे ऊन पडलंय हेच तर नुकसान आहे! मग त्याला वाईट विशेषण लावायची गरज काय? उलट तिथे चांगला शब्द पाहिजे. मी "लख्ख" घेतला. लख्ख म्हणजे घासलेलं भांडं, धुतलेली फरशी, स्वच्छ आठवण. त्याचा गोतावळा सगळा दिवाळीच्या आधीचा आहे. तोच शब्द मोडक्या वाडीत आणून ठेवला की तो बोचतो.

हे प्रत्येक ठिकाणी चालत नाही. उलटा शब्द चालायला आजूबाजूचे सगळे शब्द एका दिशेला हवेत आणि उलटा एकच हवा. दोन झाले तर वाचणाऱ्याला वाटतं लेखकाचाच गोंधळ आहे, तीन झाले की माझा पहिला ड्राफ्ट होतो. आणि तो शक्यतो सुरुवातीला ठेवावा, म्हणजे पहिल्यांदा वाचताना साधा वाटतो आणि खाली आल्यावर परत वर बघावंसं वाटतं.

तिसरा ड्राफ्ट

"वाडीत ऊन पडलं होतं. लख्ख, पार विहिरीपर्यंत. पोफळी कमरेतून मोडल्या होत्या, ज्या उभ्या होत्या त्यांना शेंडे नव्हते. माड विहिरीवर पडून होता. पाणी काळपट झालं होतं आणि त्यात झावळ्यांचा चुरा साचला होता. ओल्या लाकडाचा वास कोंदून राहिला होता. समुद्र ऐकू येत होता. मधे आता काही नव्हतं. काका डोक्यावर टॉवेल घेऊन पायरीवर बसून होते."

पंचनाम्याशी ताडून बघा, एक पण गोष्ट वाढवलेली नाही. दुःख, विषण्ण, विदारक काही नाही. टॉवेलला पण काही विशेषण नाही, फक्त तो शेवटी आणला, कारण स्वतःच्या वाडीत माणसाला उन्हासाठी डोक्यावर काहीतरी घ्यावं लागतंय हे वरच्या उन्हाला जाऊन भिडतं. शब्दांचा क्रम हा पण शब्दांच्या निवडीचाच भाग धरायचा.

तपासायचं कसं

मूड पोचला का हे स्वतःला कधीच कळत नाही कारण आपल्या डोक्यात ते दृश्य आधीच असतं. दुसऱ्याला वाचायला द्या पण "कसं वाटलं" विचारू नका, लोक "छान" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, "हे कोण बघतंय आणि त्याला काय वाटतंय?" मी बहिणीला विचारलं तर म्हणाली, "कोणीतरी बोलायचं बंद झालेलं माणूस." कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या वाक्याच्या बरंच जवळ. तिला पहिला ड्राफ्ट वाचून जाहिरात दिसली होती, हे विसरू नका.

दुसरं म्हणजे एक शब्द बदलून परत वाचायचं, मोठ्याने. "बसून होते" च्या जागी "बसले होते", "काळपट" च्या जागी "काळसर". काहीच फरक वाटला नाही तर तो शब्द तिथे काम करत नव्हता, साधाच ठेवा. मला "चुरा" च्या जागी "तुकडे" ठेवून फारसा फरक वाटला नाही, तरी चुरा ठेवला, कानाला बरा वाटला म्हणून. इतकी सूट असू दे.

एक अडचण सुटत नाही ती पण सांगून टाकतो. शब्दांचा गोतावळा गावागणिक बदलतो. "वाडी" म्हटलं की आमच्याकडे झाडं, बाकी बऱ्याच महाराष्ट्रात घरांची वस्ती. देशावरच्या मित्राने माझं पहिलं वाक्य वाचून "वाडीत ऊन पडलं, मग?" असं विचारलं, त्याच्या वाडीत रोजच ऊन असतं. त्याच्यासाठी मला वरती "नारळी-पोफळीच्या वाडीत" करावं लागलं असतं, आणि कदाचित सावलीचं एक वाक्य आधी द्यावं लागलं असतं. आपला वाचणारा कोण यावर तो शब्द तसाच सोडायचा की त्याची ओळख करून द्यायची हे ठरतं.

वाडीचंच पुढे झालेलं बघा. दोन वर्षांनी बहिणीने होमस्टे परत सुरू केला तेव्हा तिला तीच वाडी वर्णन करायची होती, अजून मधे मोठ्या फटी होत्या, नवीन रोपं गुडघ्याएवढी. शब्द शोधायला बसलो तर रिकामी, उजाड, भकास, ओकीबोकी, सुनी, उघडी, मोकळी, निवांत. वस्तुस्थिती एकच, झाडं कमी. तिने "मोकळी" घेतला. मी म्हटलं लबाडी आहे, ती म्हणाली येणाऱ्याला मोकळीच वाटणार आहे, त्याने आधीची कुठे बघितलीय. कोणाच्या डोळ्यांनी हा प्रश्न तिने माझ्यावरच उलटवला. तरी तिला मी "नवीन लागवड आहे" हे तीन शब्द टाकायला लावलेच, नाहीतर गर्द सावलीची आशा धरून आलेला माणूस पहिल्याच दुपारी भांडला असता.

तिसरा ड्राफ्ट मी काकांना वाचून दाखवला तेव्हा लाईट आलेली नव्हती, कंदिलावर वाचला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग बराच वेळाने म्हणाले, "टॉवेल नव्हता. पंचा होता."

बदलला.